घर विकताना जुनी रजिस्ट्री नव्हती, पण पहिला प्रश्न भलताच निघाला

आमचं इंदूरचं रामबागेतलं घर आजोबांनी 1968 साली घेतलेलं, आता ते बाबा, ग्वाल्हेरचे काका आणि अमेरिकेतली आत्या अशा तिघांच्या नावावर. एक कोटी वीस लाखांना गिऱ्हाईक मिळालं आणि टॅक्स किती लागणार हा हिशोब घरातल्यांनी माझ्या गळ्यात टाकला. सीएकडे जायच्या आधी काय काय माहीत नाही ते लिहायला बसले तर वहीचं अख्खं पान भरलं. 1968 ला किती दिले ते माहीत नाही, 85 साली मागचं स्वयंपाकघर वाढवलं त्याची बिलं नाहीत, 2001 साली घराची किंमत काय होती माहीत नाही, आत्या इथली धरायची की तिथली, पैसे मिळाल्यावर कोण काय करणार, सगळंच अधांतरी.

घरात मात्र सगळे एकाच गोष्टीच्या मागे, आजोबांची रजिस्ट्री शोधा! काका ग्वाल्हेरहून रोज फोन करून विचारायचे, माळ्यावरची पत्र्याची पेटी पाहिली का. मला वाटलं की शोधत बसण्याआधी हे तरी बघू की सापडली तर आकडा हलणार आहे का. म्हणून प्रत्येक न माहीत गोष्टीसमोर दोन रकाने केले, एकात ती कमीत कमी काय असू शकेल आणि दुसऱ्यात जास्तीत जास्त काय, आणि दोन्ही धरून टॅक्स काढायचा. दोन टॅक्समधला फरक म्हणजे त्या प्रश्नाची किंमत. बाकी सगळं तात्पुरतं एका ठिकाणी धरून ठेवायचं, नाहीतर काहीच कळत नाही.

रजिस्ट्रीसमोर मी दहा हजार लिहिले आणि पन्नास हजार लिहिले. फरक आला शून्य. कारण 1 एप्रिल 2001 च्या आधी घेतलेल्या घराला मूळ किमतीऐवजी 2001 ची बाजारभावाची किंमत धरता येते, आणि ती धरली की 1968 चा आकडा हिशोबात येतच नाही. 85 चं स्वयंपाकघरही त्याच कारणाने बाद, 2001 च्या आधीचा खर्च वेगळा धरत नाहीत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी माळा उपसणं चाललं होतं त्या दोन्ही टॅक्सच्या दृष्टीने यादीत तळाला. (रजिस्ट्री लागतेच, पण ती गिऱ्हाइकाच्या बँकेला, आणि त्यासाठी सब-रजिस्ट्रारकडून नक्कल काढता येते. काकांना हे पटवायला वेळ लागला.)

मग 2001 ची किंमत. मी अंदाजाने आठ लाख आणि सोळा लाख धरून पाहिलं. आता नियम असा आहे की 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर इथे राहणाऱ्या माणसाने विकलं तर दोन हिशोबांतला स्वस्त पडेल तो घेता येतो. एक, सरळ नफ्यावर साडेबारा टक्के, किंवा दुसरा, महागाईप्रमाणे किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के. 2001 चा निर्देशांक 100 आणि 2025-26 चा 376, म्हणजे 2001 ची किंमत 3.76 पट होते. आठ लाख धरले तर साडेबारावाला हिशोब स्वस्त, टॅक्स 14 लाख. सोळा लाख धरले तर 20 वाला स्वस्त, टॅक्स बारा लाखांच्या किंचित आत. फरक दोन लाखांचा, पण मजा पुढे आहे. मधले आकडे घालत गेले तेव्हा दिसलं की साधारण 14 लाख 35 हजारांच्या खाली सगळीकडे साडेबाराच स्वस्त, आणि तिथे किंमत एक लाखाने इकडेतिकडे झाली तरी टॅक्स फक्त साडेबारा हजारांनी हलतो. त्या रेषेच्या वर गेलं की तोच एक लाख पंचाहत्तर हजारांचा होतो. म्हणजे नेमकी किंमत काय हा प्रश्न नंतरचा, आधी विचारायचं की रेषेच्या वर आहे की खाली.

आणि हे व्हॅल्युअरला न विचारता कळतं! ही 2001 ची किंमत त्या तारखेच्या सरकारी स्टॅम्प ड्युटीच्या किमतीपेक्षा, ती मिळत असेल तर, जास्त धरता येत नाही. आमच्याकडे तिला कलेक्टर गाइडलाइन म्हणतात. नोंदणी ऑफिसच्या बाहेर दस्त लिहिणारे बसतात त्यातल्या एका म्हाताऱ्या काकांकडून त्या वर्षीचे दर मिळाले, प्लॉट आणि बांधकाम मिळून 11 लाखांच्या आसपास निघाले. रेषेच्या बरंच खाली. आता कितीही चांगला व्हॅल्युअर आणला आणि त्याने 15 लाख लिहून दिले तरी मर्यादा 11 लाखांचीच. त्याचा रिपोर्ट सीएने फाइलला हवा म्हणून नंतर घेतला, पण त्याच्यासाठी थांबायचं कारण उरलं नाही. 109 लाख नफा, त्यावर 13 लाख 62 हजार, तिघांना प्रत्येकी साडेचार लाखांच्या थोडं वर, सेस वेगळा. आजची गाइडलाइनही बघून घेतली, ती सौद्याच्या एकशेदहा टक्क्यांवर असती तर नफा त्या आकड्यावरून मोजावा लागला असता, पण ती खालीच होती.

आता राहिलेल्यांत सगळ्यात मोठा फरक करणारा प्रश्न हा की पैशाचं काय करणार. ज्याने त्यातून दुसरं राहतं घर घेतलं त्याचा टॅक्स शून्य होऊ शकतो, ज्याने बँकेत टाकले त्याचे साडेचार लाख गेले. आणि हा विचारायला ना माळा लागतो ना ऑफिस, फक्त तीन फोन. बाबा म्हणाले माझ्या वयात काही घेणार नाही आणि टॅक्स वाचवणाऱ्या बाँडमध्ये पाच वर्षं पैसे अडकवायचेही नाहीत, टॅक्स भरू. काका सहज बोलून गेले, "अगं मला कशाला नवीन घर, गेल्या वर्षीच तर फ्लॅट घेतला." मी त्यांना तिथेच थांबवलं. विक्रीच्या आधी एका वर्षाच्या आत घेतलेलं घरही सवलतीत बसतं, आणि त्यांच्या फ्लॅटची किंमत त्यांच्या वाट्याच्या 36 लाखांच्या नफ्यापेक्षा जास्त होती. फ्लॅटची रजिस्ट्री फेब्रुवारी 2025 च्या मध्यावरची. म्हणजे आमच्या घराची रजिस्ट्री फेब्रुवारी 2026 च्या मध्याआधी झाली तर काकांचा टॅक्स पूर्ण वाचतो, नंतर झाली तर एक पैसा नाही.

गंमत म्हणजे विक्रीची तारीख माझ्या यादीत नव्हतीच, ती काकांच्या एका वाक्याने सगळ्यात वर जाऊन बसली. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर मी उरलेली यादी पुन्हा मांडत होते, पहिल्या दिवशीचा क्रम टिकत नाही.

आत्याचं उलटं झालं. ती दिवाळीला आली ती जेमतेम दीड महिना राहिली, त्या आर्थिक वर्षात 60 दिवससुद्धा भरत नव्हते, म्हणजे एनआरआय. एनआरआयला 20 टक्क्यांचा पर्याय नाही, पण तो आमच्या कुणालाच फायद्याचा नव्हता, त्यामुळे टॅक्सचा फरक शून्य. तरी हा प्रश्न मी वर ठेवला, कारण गिऱ्हाईक सगळ्यांचा एक टक्का टीडीएस धरून बसलं होतं. आत्याच्या 40 लाखांवर एक टक्का म्हणजे 40 हजार, आणि एनआरआय म्हणून साडेबारा टक्के म्हणजे पाच लाख. कमी कापला तर जबाबदारी गिऱ्हाइकावर येते, आणि हे त्याला रजिस्ट्रीच्या टेबलावर कळलं असतं तर तो उठूनच गेला असता.

गिऱ्हाइकाला लोनमुळे मार्च सोयीचा होता. आम्ही बयाणा घेतानाच दोन गोष्टी लिहून घेतल्या, आत्याचा टीडीएस वेगळा आणि रजिस्ट्री जानेवारीत, आणि त्या बदल्यात बाबांनी भाव पन्नास हजारांनी सोडला. काकांच्या साडेचार लाखांपुढे ते परवडलं, आणि त्या पन्नास हजारांतला बाबांचा आणि आत्याचा वाटा काकांनी त्यांच्या वाट्यातून त्यांना भरून दिला.