रेफरलसाठी मेसेज केला, महिनाभर उत्तर नाही: माझा अनुभव

लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्यूसी केमिस्ट आहे. कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेली एक ताई पुण्यात औषध कंपनीत आहे. तिथे जागा निघाली म्हणून १० जुलैला तिला व्हॉट्सॲपवर रेझ्युमे पाठवला आणि 'रेफर करशील का?' एवढंच लिहिलं. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

पुढचा महिना फार जड गेला. तिचं स्टेटस दिसलं की चीड यायची. आई म्हणाली, "तिची आई बाजारात भेटते, तिच्या कानावर घालू का?" मी नको म्हटलं. रेफर करणारा आपलं नाव पणाला लावतो. आयांमधून निरोप गेला तर तिला नाही म्हणायची सोयच उरली नसती. गणपतीत आरतीनंतर चार माणसांत गाठायचं, तेही म्हणूनच नको वाटलं.

मग आधी कंपनीच्या साइटवर जागा अजून चालू आहे का ते पाहिलं. चालू होती. ११ ऑगस्टला लिहिलं:

"ताई, जुलैत क्यूसीच्या जागेबद्दल लिहिलं होतं. जागा अजून उघडी आहे, जॉब आयडी आणि लिंक खाली देतोय. २० तारखेला मी स्वतः अर्ज भरणार आहे. त्याआधी रेफर करणं जमलं तर बरं. नाही जमलं तर 'नाही' एवढंच कळव, मला काही वाटणार नाही."

खाली तिला जसाच्या तसा चिकटवता येईल असा तीन ओळींचा मजकूर दिला: चार वर्षं क्यूसीत, एचपीएलसी रोज हाताळतो, ऑडिटला कागदपत्रं मांडली आहेत. 'बिझी असशील', 'विसरलीस वाटतं' असलं काही लिहिलं नाही. त्यातून टोमणाच लागतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तिने जुलैतच पोर्टल उघडलं होतं. पण त्या फॉर्ममध्ये जॉब आयडी टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही, आणि एकाच नावाच्या तीन जागा दिसत होत्या. शिवाय 'उमेदवाराचं काम तुम्हाला किती माहीत आहे?' असा रकाना. ती माझ्याबरोबर कधी कामाला नव्हती, तिथे काय लिहायचं? विचारू म्हणता म्हणता दिवस गेले, आणि मग इतक्या उशिरा काय बोलायचं म्हणून ती गप्प राहिली. त्या फॉर्मचा मला अजून राग आहे. आयडी मी पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता, हेही खरं. त्या रकान्यात तिने 'कॉलेजपासून ओळख, एकत्र काम केलेलं नाही' असं खरं तेच लिहिलं.

एक सांगायचं राहिलं: रेफरल होण्याआधी स्वतः अर्ज करू नका. बऱ्याच कंपन्यांत नाव आधीच सिस्टीममध्ये असेल तर रेफरल धरत नाहीत. म्हणूनच मी २० तारखेपर्यंत थांबणार होतो.

१४ तारखेला कंपनीची लिंक आली, स्पॅममध्ये. ती उघडून मी अर्ज भरला आणि ताईला कळवलं, "झालं, आता पुढचं माझं मी बघतो." मुलाखतीचं अजून काही कळलेलं नाही. त्याबद्दल मी तिला विचारत नाही, एचआरला मेल टाकतो.