ठिपके चढतात, पण कशामुळे?

“सर, स्लाइडवर साफ दिसतंय की जास्त तास अभ्यास केला की मार्क वाढतात. मग सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, असं का सांगता?”

माझ्या स्लाइडवर आठच मुलं असतात, आणि आकडे मी मुद्दाम रचलेले आहेत. आडव्या अक्षावर रोजच्या अभ्यासाचे तास, उभ्या अक्षावर मार्क. रोज एक तास बसणाऱ्या दोघांना ४० आणि ५०, तीन तासवाल्या दोघांनाही ४० आणि ५०. चार तासवाल्या दोघांना ६० आणि ७०, सहा तासवाल्यांनाही तेच. हे एक्सेलमध्ये भरून `=CORREL(A2:A9,B2:B9)` दिलं की सहसंबंध गुणांक r साधारण ०.७४ येतो. तो +१ च्या जितका जवळ, तितके ठिपके चढत्या सरळ रेषेला धरून. म्हणजे ०.७४ बऱ्यापैकी मोठा. इथवर तुमचं बरोबर.

आता सूत्रात A आणि B ची अदलाबदल करा. उत्तर तेच, ०.७४. तासांमुळे मार्क वाढले, की चांगले मार्क मिळणाऱ्याला अभ्यासाची गोडी लागली, हे त्या आकड्याला ठाऊकच नसतं. त्याला दिशा नाही.

पुढच्या स्लाइडवर तेच ठिपके दोन रंगांत येतात. खालचे चार निळे, ही मुलं खाडीपलीकडून येतात. पहाटे उठून आधी फेरीबोट, मग एसटी. संध्याकाळची बोट गाठायची म्हणून शाळा सुटल्यावरचा जादा तास त्यांना मिळत नाही आणि घरी पोचेतो अंधार पडतो. वरचे चार लाल, बाजारपेठेत शाळेजवळ राहणारे. आता नुसत्या निळ्या ठिपक्यांचा r काढा: शून्य. नुसत्या लालांचाही शून्य. प्रत्येक रंगाचा एक चौकोन तयार होतो, त्यात चढण अशी नाहीच. सगळी चढण एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना होती, आणि तो फरक घराच्या अंतराचा होता. अंतरामुळे अभ्यासाचे तासही घटले आणि जादा तास बुडाल्याने मार्कही.

इथे पोरं खूश होतात, “म्हणजे अभ्यास करून उपयोग नाही!” तसं ही स्लाइड म्हणत नाही. खऱ्या वर्गात प्रत्येक रंगाच्या आतही थोडी चढण राहील, आणि तेव्हाही तिच्यामागे आणखी काही दडलेलं असू शकतं: शिकवणी, घरातली कामं, आधीची तयारी. रंग देऊन आपण एकच गोष्ट वेगळी काढली. जी नोंदवलीच नाही, तिला रंग देता येत नाही.

कारणच शोधायचं असेल तर काहीतरी बदलून बघावं लागतं. जादा तास दुपारच्या सुट्टीनंतर ठेवा, घरचा अभ्यास आहे तसाच राहू द्या. चिठ्ठ्या टाकून निळ्यांपैकी निम्म्यांनाच आधी तिथे बसवा, उरलेल्यांना पुढच्या सत्रात, आणि मधल्या परीक्षेत दोघांचे मार्क ताडून बघा. त्यासाठी चार मुलं पुरायची नाहीत, आसपासच्या दोन-तीन शाळा तरी लागतील.