तुम्ही विचारलंत म्हणून: साउंडबार टीव्हीला नेमका कसा जोडावा?

“नवीन साउंडबार घेतला आहे. एआरसीने जोडू, ऑप्टिकलने, की सरळ ब्लूटूथने?”

टीव्हीला एआरसीचे, म्हणजे आवाज बाहेर पाठवू शकणारे एचडीएमआय पोर्ट असेल तर तेच वापरावे, नसेल तर ऑप्टिकल, आणि ब्लूटूथ हा नाइलाजाचा मार्ग समजावा. या क्रमाचे कारण मला माझ्या मावशीच्या घरी सर्वांत स्पष्ट दिसले.

तिच्याकडे साउंडबार बसवून देणाऱ्याने तो ब्लूटूथने जोडला होता, कारण त्यात वायर लागत नाही. चार दिवसांनी तिचा फोन आला: “अरे, बातम्या देणारी बाई आधी ओठ हलवते आणि मग बोलते.” तिचे निरीक्षण अचूक होते. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना टीव्ही तो आधी आकुंचित करतो, साउंडबार तो पुन्हा उलगडतो आणि खंड पडू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवतो. या साऱ्यात सहज 150 ते 200 मिलिसेकंद जातात. आपल्याकडच्या प्रक्षेपणात सेकंदाला 25 चित्रे असतात, म्हणजे एक चित्र 40 मिलिसेकंदांचे. 200 मिलिसेकंदांच्या विलंबात चित्र पाच चौकटी पुढे गेलेले असते. टीव्हीवरचीच अॅप्स हा विलंब लक्षात घेऊन पुष्कळदा चित्रही तेवढेच थांबवतात, त्यामुळे तिथे दोष जाणवत नाही. सेट-टॉप बॉक्सवरून येणाऱ्या चित्राला मात्र ही सोय सहसा मिळत नाही, आणि मावशी बातम्या त्यावरच पाहते. टीव्हीच्या मेनूमधील आवाज जुळवण्याची सेटिंग इथे बहुधा उपयोगी पडत नाही, कारण ती आवाजाला आणखी उशीर करू शकते, उशिरा आलेल्या आवाजाला मागे खेचू शकत नाही.

मी तिच्या टीव्हीच्या मागे पाहिले, तेव्हा तीन एचडीएमआय पोर्टांपैकी एकाशेजारीच एआरसी ही अक्षरे छापलेली होती आणि नेमक्या त्याच पोर्टात सेट-टॉप बॉक्स जोडलेला होता. एआरसी म्हणजे उलट दिशेने जाणारी आवाजाची वाट: एरवी एचडीएमआयमधून टीव्हीकडे चित्र आणि आवाज येतात, या पोर्टातून मात्र टीव्ही आवाज बाहेरही पाठवतो. ही सोय 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून आहे आणि ती बहुधा एकाच पोर्टाला दिलेली असते. मी बॉक्स शेजारच्या पोर्टात हलवला आणि मोकळ्या झालेल्या एआरसी पोर्टातून एचडीएमआय वायर साउंडबारच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टात लावली. पुष्कळ साउंडबारना वेगळे इनपुट पोर्टही असते, तिथे ही वायर लावली तर आवाज येत नाही.

तरीही साउंडबार मुकाच राहिला. टीव्हीच्या मेनूमध्ये HDMI-CEC, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, बंद होते. पुष्कळ टीव्हींवर ते चालू केल्याशिवाय एआरसी सुरूच होत नाही. सॅमसंगच्या टीव्हीवर त्याचे नाव Anynet+ असते, एलजीच्या टीव्हीवर Simplink. ते चालू केले, आवाजाचे आउटपुट HDMI ARC निवडले, दोन्ही उपकरणांचे प्लग काढून दोन मिनिटांनी पुन्हा लावले, आणि बातम्यांचा आवाज ओठांशी जुळला. मावशीला त्याहून अधिक आनंद झाला तो याचा, की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होऊ लागला.

हीच सोय ऑप्टिकलमध्ये नसते, कारण त्या वायरमधून प्रकाशरूपाने केवळ आवाज जातो, आज्ञा जात नाहीत; साउंडबारचा रिमोट वेगळा सांभाळावा लागतो. आवाजाच्या दर्जात मात्र ऑप्टिकल कमी नाही. साधा स्टिरिओ किंवा डॉल्बी डिजिटल 5.1 ते व्यवस्थित पोहोचवते आणि ओठांशी मेळही राहतो. जुन्या टीव्हीसाठी मी ते निःशंकपणे सुचवतो. फक्त वायरच्या दोन्ही टोकांवरील पारदर्शक टोप्या काढायला विसरू नये आणि वायरला तीव्र घडी पडू देऊ नये. जोडूनही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये Auto ऐवजी PCM निवडून पाहावे. त्याने आवाज आला, तर टीव्ही पाठवत असलेला प्रकार साउंडबारला उलगडता येत नव्हता असे समजावे. पण साउंडबार 5.1 चा असेल तर PCM कायम ठेवू नये, कारण मग ऑप्टिकलवरून दोनच वाहिन्या जातात आणि मागच्या स्पीकरसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज येत असल्याचा भास देणारे तंत्र, असलेला साउंडबार घेतला असेल, तर ऑप्टिकलचा विचार सोडावा. अॅटमॉस त्यातून जात नाही. ओटीटीवरील अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येते आणि टीव्ही व साउंडबार दोघांनाही ते चालत असेल, तर साधे एआरसी पुरते. ईएआरसी, म्हणजे एआरसीची अधिक क्षमतेची पुढची आवृत्ती, खरोखर लागते ती ब्लू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडीसारख्या न घटवलेल्या आवाजासाठी. घरात ब्लू-रे प्लेअर नसेल, तर केवळ त्यासाठी टीव्ही बदलू नका. ब्लूटूथ मी मावशीकडेही पूर्ण काढून टाकले नाही. सकाळी ती फोनवरून अभंग लावते, आणि जिथे पाहायला चित्रच नाही, तिथे त्या विलंबाने काही बिघडत नाही.