दोन स्क्रू उरले

ऐरोलीला आमच्या घरी दाराचा चपलांचा रॅक आहे, तसाच आईने ठाण्याला पाचपाखाडीतल्या घरी मागवला. आई 74 वर्षांची. "सुतार नको, आणि तूही धावत येऊ नकोस. मी निवांत बसून करीन," असं तिने फोनवर बजावलं. खोक्यातल्या कागदावर एक अक्षर नाही, नुसती चित्रं, तीही मुंगीएवढी. मी तो रॅक जोडताना काय काय चुकलो होतो ते आठवत होतं, म्हणून तिच्यासाठी मराठीत कागद लिहायला घेतला. अक्षरं मोठी, एका पानावर एकच काम.

पहिलंच वाक्य होतं, 'डावी फळी घे.' पण रॅक जमिनीवर पालथा पडलेला असताना डावी कोणाची? ते खोडून लिहिलं, 'गुळगुळीत पट्टी लावलेली कड दाराकडे, खरखरीत कड भिंतीकडे.' बोटाने चाचपूनही कळतं.

पुढची अडचण स्क्रूंची. 16 मिलिमीटरचे मागच्या प्लायसाठी, 12चे बिजागरीसाठी, डोकी अगदी सारखी. फळी 15 मिलिमीटरची. बिजागरीत लांब स्क्रू पिळला की पलीकडून टोक डोकावतं, नाहीतर फोड उठतो. (आमच्या रॅकवर तो फोड अजून आहे, त्यावर गणपतीचं स्टिकर लावलंय.) म्हणून दोन्ही स्क्रू खऱ्या मापात काढले: चित्रावर ठेव, जुळला तोच घे. छापून आणल्यावर सहज पट्टी लावली, तर 100 मिलिमीटरची रेघ 96 भरली! दुकानदाराने पान कागदात बसवायला आक्रसलं होतं. दुसऱ्यांदा `Actual size` निवडून छापायला लावलं, आणि ती रेघ पानावर तशीच ठेवली, आईनेही मोजावी म्हणून.

सगळ्यात जास्त जागा गोल लॉकला दिली. फळीतल्या खळग्यात बसणारी ती धातूची चकती. तिच्यावरचा बाण आधी फळीच्या कडेच्या भोकाकडे हवा, तरच समोरचा खिळा आत शिरतो. मग पेचकसाने उजवीकडे अर्धा फेरा. जोर लागून फट मिटली की झालं. चकती नुसती गरगर फिरली तर खिळा आत गेलेलाच नाही, फळी काढून पुन्हा बसव.

रविवारी रात्री साडेनऊला फोन आला. रॅक उभा होता, दार नीट लागत होतं, पण आवाज पडलेला. "दोन स्क्रू उरलेत रे. तासभर शोधतेय कुठे राहिले ते. मागची प्लायसुद्धा परत काढून पाहिली."

पुडीत दोन जास्तीचे देतात, हे मला माहीत होतं. लिहायचंच राहिलं होतं.

"जास्तीचे आहेत ते, आई."

"मग तसं लिही ना शेवटी," ती म्हणाली. "आता ही प्लाय पुन्हा लावायची. कितव्या पानावर आहे ते?"