वर्षात दोन नोकऱ्या, दोन फॉर्म १६ आणि एक रिटर्न: माझा अनुभव

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये ऑक्टोबरला नोकरी बदलली, त्यामुळे जूनमध्ये हातात दोन फॉर्म १६ आले. दोन्हींत टॅक्स नीट कापलेला, दोन्हींत खाली बाकी शून्य. बघून वाटतं की झालं, आता नुसतं रिटर्न भरायचं. पण दोन्ही कागद स्वतंत्रपणे बरोबर असले तरी एकत्र केले की गणित बदलतं.

माझे आकडे गोल करून सांगतो. पहिल्या ठिकाणी सहा महिन्यांचा पगार साडेचार लाख, त्यांनी वर्षाचे नऊ लाख धरून टॅक्स काढला आणि निम्मा म्हणजे १६,९०० कापला. दुसरीकडे सहा महिन्यांचे ८,१०,०००, त्यांनी जणू माझी वर्षातली तेवढीच कमाई असं धरून २४,४४० कापले. म्हणजे ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन दोघांनीही दिलं, तीन लाखांपर्यंतचा शून्य टॅक्सचा स्लॅबही दोघांनी दिला, आणि हे सगळं माणसाला वर्षात एकदाच मिळतं. जॉइन होताना फॉर्म १२बी भरून आधीचा पगार कळवता येतो, मग नवीन कंपनी एकत्र हिशोब करते, पण तिथे तो कोणी मागितलाच नाही आणि एचआरला विचारलं तर "पोर्टलवर ऑप्शन नाहीये" एवढंच उत्तर.

आता खरा हिशोब. पगार १२,६०,०००, त्यातून ७५,००० एकदाच वजा, अधिक एफडीचं व्याज २०,०००, एकूण १२,०५,०००. नव्या रेजीममध्ये यावर टॅक्स ८१,०००, चार टक्के सेस धरून ८४,२४०. कापलेला टीडीएस ४१,३४०. उरले ४२,९००, आणि वर १० हजारांपेक्षा जास्त बाकी असल्याने अॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं व्याज. ते पोर्टल स्वतःच काढतं, साधारण महिन्याला एक टक्का, म्हणून हा आकडा एकदा कळला की पैसे लगेच भरलेले बरे.

फॉर्मबद्दल फार डोकं लावावं लागलं नाही. पगार, व्याज, एकच घर आणि एकूण ५० लाखांच्या आत असेल तर त्या वर्षी आयटीआर-१ होता, ज्याला सहज म्हणतात. त्या वर्षापासून लिस्टेड शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडाचा लाँग टर्म नफा सव्वा लाखापर्यंत असला तरी चालतो, पण एक रुपयाचा जरी शॉर्ट टर्म नफा असला तर आयटीआर-२ कडे जावं लागतं.

कागद म्हणाल तर दोन्ही फॉर्म १६, २६एएस, एआयएस, बँकेची व्याजाची सर्टिफिकेटं आणि पॅन-आधार. २६एएसमध्ये कोणी किती टीडीएस जमा केला ते दिसतं, तर एआयएसमध्ये एफडीचं व्याज, शेअरचे व्यवहार वगैरे सगळं दिसतं. माझ्या व्याजावर बँकेने टीडीएस कापलाच नव्हता कारण ते लिमिटच्या आत होतं, त्यामुळे २६एएसमध्ये काहीच नाही, एआयएसमध्ये मात्र पूर्ण २०,००० हजर! जुनी रेजीम घेणार असाल तर एचआरएची आणि ८०सीच्या गुंतवणुकीची माहिती हाताशी ठेवा, पॉलिसी नंबरसकट विचारतात. रिटर्नला काही जोडायचं नसतं, पण पुरावे जपून ठेवायचे.

भरताना incometax.gov.in वर प्रीफिल्ड डेटा आला, तरी सॅलरीच्या भागात दोन्ही मालक आहेत ना आणि ग्रॉस आकडे फॉर्म १६ च्या पार्ट बीशी जुळतात ना ते बघितलं. स्टँडर्ड डिडक्शन खाली एकदाच, बेरजेवर लागलेलं दिसलं पाहिजे. मग ई-पे टॅक्समध्ये असेसमेंट इयर, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, २०२५-२६ आणि सेल्फ असेसमेंट टॅक्स निवडून बाकी भरली. वर्षाच्या जागी २०२४-२५ निवडलं तर पैसे भलत्याच वर्षाला जमा होतात, इथे हात जरा सावकाश चालवा. चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि सिरियल नंबर रिटर्नमध्ये आला की बाकी शून्य होते.

तारखा: फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळतो. रिटर्नची मुदत एरवी ३१ जुलै, त्या वर्षी ती वाढून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर २०२५ झाली. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येत होतं, पण ५,००० लेट फी (उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००) आणि जुनी रेजीम निवडायची सोय बंद. घरभाडं आणि ८०सी मोठं असणाऱ्याला फीपेक्षा हेच महागात पडतं.

सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं, आधार ओटीपीने दोन मिनिटांचं काम. नंतर डिपार्टमेंटने रिटर्न तपासल्याची, म्हणजे १४३(१) ची इंटिमेशन मेलवर येते. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन स्मॉल अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख. उघडल्यावर तुमचा आणि डिपार्टमेंटचा असे दोन कॉलम शेजारी असतात, तिथे टीडीएसच्या आणि सेल्फ असेसमेंट टॅक्सच्या ओळी जुळतात का तेवढं बघा.