आणलास, आलीस आणि उशीर झाला

नौपाड्यात मामाचं घर रीडेव्हलपमेंटला गेलंय, त्यामुळे गेल्या रविवारी आम्ही सगळे माळा उपसायला जमलो होतो. पितळी डबे, जुने स्क्रू, कसल्या कसल्या पावत्या, आणि त्यात एका कॅलेंडरचं पान, जून १९८४, मागच्या कोऱ्या बाजूला मामाच्या अक्षरात चार ओळी. मामा कविता करायचा हेच आम्हाला नवीन, आयुष्यभर वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत शिफ्ट केलेला माणूस तो.

तू आणलास पाऊस, मी छत्री विसरलो
तुला उशीर झाला, तरी मी रागावलो नाही
येशील तेव्हा दार उघडंच असेल
दिवा मात्र तूच लाव

मामी लगेच म्हणाली, "माझ्यावरच आहे, दुसरं कोण?" आणि पदराने चष्मा पुसायला लागली. माझी लेक मात्र कॉलेजात जाते ना, तिने पान हातात घेतलं आणि हळूच माझ्या कानात, "आई, पण 'आणलास' म्हणजे तो मुलगा आहे ना?"

नाही गं बाई. इथे सगळेच फसतात. 'आणलास' मधला पुल्लिंगी 'ला' पावसाचा आहे, 'तू'चा फक्त शेवटचा 'स'. पावसाच्या जागी सर असती तर 'आणलीस' झालं असतं, मग समोर बाई असो की बाप्या. कर्म असलेलं भूतकाळी क्रियापद बहुतेक वेळा कर्माच्या मागे जातं, 'तू' नामानिराळा राहतो. 'येशील'मध्येही लिंग नाही, 'लाव'मध्येही नाही. मामाने, मुद्दाम म्हणा की नकळत, 'तू'ला चारही ओळींत पडद्याआडच ठेवलंय. उघडा पडलाय तो स्वतः, 'विसरलो', 'रागावलो' मध्ये. 'तू'चं लिंग कळायला 'आलीस', 'बसलास', 'येतेस' असलं काहीतरी लागतं.

आणि तसं होतं! पान उजेडात धरलं तर दुसऱ्या ओळीत आधी 'तू उशिरा आलीस' लिहून खोडलेलं, निबने दोनदा गिरवून, आणि वर बारीक अक्षरात 'तुला उशीर झाला'. म्हणजे बाईच. (मामाचा मुलगा, आमचा दादा, म्हणाला, आठ-चौदाची लोकल असेल, तीही बाईच आणि उशिरा येते. पण लोकल दिवा लावायला घरात कशी येईल. दिवा स्टेशनचा जोकही झाला, तो सोडून देते.)

मामीचा दावा पक्का झाला असं वाटलं. पण मग खोडलं कशाला? बायकोवर लिहिताना बायकोचं बाईपण लपवायचं कारण काय?

कवितेतला 'तू' आणि ज्याच्यासाठी ते बोलणं आहे तो माणूस एकच असेल असं नाहीच म्हणा. आपल्या सातवाहनांच्या गाथासप्तशतीत एक बाई वाटसरूला सांगते, सासू इथे झोपते, मी इथे, दिवसाच नीट बघून ठेव रे रातांधळ्या, नाहीतर आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. वरवर मनाई, आत चक्क पत्ता. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे शब्दांआडून सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतलीय. तसा मामाच्या 'तू'च्या आडूनही कोणी दुसरं ऐकत असेल का, हे बघायला मी पान परत उलटं केलं, आणि महिन्याकडे लक्ष गेलं. जून ८४. दादाचा जन्म ऑगस्ट ८४ चा. मामा-मामीचं लग्न ७६ चं.

लग्नाला आठ वर्षं. 'तुला उशीर झाला.'

मग एकेक ओळ जागेवर बसायला लागली, दार उघडं असेल, दिवा तूच लाव, आणि 'आलीस' का खोडलं तेही, कारण मुलगी की मुलगा हे तेव्हा त्याला कुठे माहीत होतं. अर्थात खात्री नाही हं. कदाचित फक्त काळ खटकला असेल, खालच्याच ओळीत 'येशील' आहे, म्हणजे यायचंय अजून, मग आधीच 'आलीस' कसं म्हणणार. 'तुला उशीर झाला' हे न पोचलेल्यालाही म्हणता येतं. एवढ्या खाडाखोडीवरून यातलं कुठलं कारण खरं ते सांगता येत नाही. पहिल्या ओळीतला पाऊस मात्र जूनमधला खराखुरा असेल, छत्री विसरणं तर शंभर टक्के मामा.

हे सगळं मी जरा जास्तच उत्साहात बोलले बहुतेक, कारण मामी गप्प झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, चाळीस वर्षांनी हातात आलेली एक कविता, तीही मी काढून घेतली. दादा उगाच रिकामा डबा पुसत बसला होता.

मग मामीनेच पान मागितलं, घडी घातली, ब्लाउजमधल्या छोट्या पाकिटात ठेवलं. "मुलीचंच नाव ठरवून ठेवलं होतं ह्यांनी," म्हणाली. "मुलगा झाला, मग ते राहिलं."

लेकीने विचारलं, कोणतं गं आजी?

"चहा टाक आधी," मामी म्हणाली.