पंधरा महिने झाले, दात नाही: आमच्या लेकीचा अनुभव

मुलगी पंधरा महिन्यांची झाली तरी तिच्या तोंडात एकही दात नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "काई होत नाई माय, हिच्या बापालेबी उशिराच आले व्हते. उशिराचे दात पक्के राह्यते." त्यातलं अर्धं खरंच होतं, कारण काही घराण्यांत दात उशिरा येतात. पहिला दात साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात येतो, पण वर्षापर्यंत वाट पाहायला हरकत नसते. वर्ष उलटून महिना-दोन महिने गेले की मात्र दाखवावं.

आमचं दाखवणं अंगणवाडीतच झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी हिरड्यांवरून बोट फिरवलं, आणि मग बराच वेळ मनगटंच चाचपली. माझंही बोट तिथं ठेवून दाखवलं. मनगटाच्या सांध्याजवळ हाड रुंद लागत होतं, आत कडं असावं तसं. डोक्यावरची टाळूही त्या वयाच्या मानाने मोठी होती आणि पोर अजून धरूनही उभी राहत नव्हती. नुसते दात उशिरा असते तर त्या थांबल्या असत्या. दातांसोबत या तिन्ही गोष्टीही दिसल्या म्हणून त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथे मनगटाचा एक्स-रे काढला आणि रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांशी जोडलेलं द्रव्य आणि ड जीवनसत्त्व तपासलं. एक्स-रेत हाडाचं टोक सरळ रेघेत दिसायला हवं. हिचं टोक खोलगट होतं आणि कडा दसा निघालेल्या कापडासारखी विस्कटलेली. अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेलं होतं. ड जीवनसत्त्व एका मिलिलीटरमागे 8 नॅनोग्रॅम आलं. ते 20 च्या वर असावं आणि 12 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. निदान झालं मुडदूसाचं.

आमच्या विदर्भात उन्हाची काय कमी, हा माझा पहिला प्रश्न होता. बालरोगतज्ज्ञांनी उलट मलाच विचारलं, "बाळ उन्हात कधी नेता?" मी म्हटलं, सकाळी सातला, कोवळ्या उन्हात. त्यांनी समजावलं की ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते सूर्य खाली असताना जमिनीपर्यंत फारसे पोचतच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ऊन कामाचं. डिसेंबरात आपल्या भागात असं फक्त दुपारी बाराच्या आसपास होतं. एप्रिल-मे महिन्यात मात्र सकाळी साडेनवालाच सावली आखूड झालेली असते, म्हणजे उन्हाळ्यात लेकराला तापत्या दुपारी बाहेर काढायची गरज नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मोजायचं नाही, कारण काच हे किरण अडवते. आमची पोर हिवाळ्यात जन्मली, सव्वा महिना खोलीत, मग कानटोपी आणि दुपट्यात. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व नावालाच असतं. म्हणून जन्मल्यापासून वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब द्यायचे असतात.

पण ऊन हा निम्माच भाग. खरी बैठक झाली ती आहारतज्ज्ञ ताईंसोबत. त्यांनी आदल्या दिवशीचं खाणं लिहून घेतलं: अर्धी वाटी तुरीचं वरण, थोडा भात, ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, दुधाच्या चहात बुडवलेलं बिस्कीट आणि अंगावरचं दूध. बेरीज माझ्यासमोरच केली. वरणातलं कॅल्शियम 15 मिलिग्रॅमच्या आसपास, भाकरीतलं त्याहून कमी, भातात नाहीच म्हणा. चहातल्या दुधाचं पन्नास-साठ आणि अंगावरच्या दुधाचं साधारण नव्वद. सगळं मिळून 200 सुद्धा होईना. या वयाला रोज 500 लागतं. पोट भरत होतं, वजन ठीक होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि कॅल्शियम इतकं कमी पडलं की शरीर ड जीवनसत्त्वही लवकर संपवतं, त्यामुळे एकाची उणीव दुसरीला वाढवते.

औषध होतं तीन महिने रोज 3000 युनिट ड जीवनसत्त्व आणि सोबत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, दोन वेळांत विभागून. इथे सांभाळायच्या दोन गोष्टी. थेंबांच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, काहींत एका मिलिलीटरमध्ये 400 युनिट, काहींत 800. दुकानदाराने दुसरी बाटली दिली की माप बदलतं, म्हणून लेबल वाचून मगच द्यायचं. दुसरं म्हणजे मोठ्यांसाठीची 60,000 युनिटची पुडी. "एकच द्या ना, पटकन फरक पडते," असं शेजारून आलंच. बाळाला ती आपल्या मनाने द्यायची नाही. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सुस्ती दिसते. लोहाचं औषध कॅल्शियमसोबत द्यायचं नाही, वेळ वेगळी ठेवायची.

खाण्यात चहा-बिस्कीट बंद झालं. त्या जागी दिवसभरात पाव लिटर दूध आलं, त्यातून 300 मिलिग्रॅम मिळतं. एक छोटी वाटी दही आलं, आणि भाजलेल्या तिळाची बारीक पूड एक चमचा वरणात, तिचं साठएक मिलिग्रॅम. आपल्याकडे नाचणी रोजची नाही, पण बाजारात मिळते. तिचं सत्त्व आठवड्यातून तीन-चारदा. जवसाची चटणी चांगली, पण तिच्यावर भिस्त ठेवण्याइतकं कॅल्शियम तिच्यात नाही. दूध अर्ध्या लिटरच्या वर न्यायचं नाही, कारण मग पोर जेवत नाही आणि लोह कमी पडतं.

ताईंनी सगळं मिक्सरमधून काढून भरवायलाही मनाई केली. हिरड्यांनी चावता येईल अशी मऊ शिजलेली फोड, भाकरीचा भिजवलेला तुकडा द्यायचा, कारण चावण्याने जबड्याच्या स्नायूंना आणि हाडाला काम मिळतं. जबडा किती रुंद होणार हे बरंचसं आईबापांकडूनच येतं, नुसत्या चावण्याने वाकडे दात टळत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. शेंगदाणे आणि फुटाणे मात्र चार वर्षांपर्यंत नाहीत, ते घशात अडकतात.

पहिला दात औषध चालू असतानाच आला. तीन महिन्यांच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाला पांढरी रेघ उमटली होती, ती हाड भरत असल्याची खूण. पुढे पोर चालली, मनगटंही हळूहळू नीट झाली.

दातांचं मात्र हाडासारखं नाही. हाड पुन्हा भरतं, पण दाताचं वरचं कवच एकदा तयार झालं की शरीर ते दुरुस्त करत नाही. दुधाच्या पुढच्या दातांचं कवच जन्मानंतर काही आठवड्यांतच पुरं होतं, म्हणून तिचे समोरचे दात स्वच्छ निघाले. सुळे आणि मागच्या दुधाच्या दाढा पहिल्या वर्षात घडत असतात; त्यांवर बारीक खड्डे होते. खड्ड्यांच्या जागेवरून कमतरता साधारण कधी होती ते दंतवैद्याने सांगितलं. डाग तपकिरी असते तर त्याने आधी बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तपासायला लावलं असतं. यवतमाळ-चंद्रपूर भागात तेही कारण असतं.

सहाव्या वर्षी येणारी कायमची पहिली दाढ जन्माच्या सुमारास घडू लागते, म्हणून तिची आम्ही वाट पाहतच होतो. ती आली तेव्हा टोकांवर खड्डे होतेच. अन्न अडकून कीड लागू नये म्हणून दंतवैद्याने खाचा सीलंटने बुजवल्या. तो थर झिजतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो.